एक जानेवारीचं कलम

आमच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, असे धडधडायचे, की आवारातल्या माश्यासुद्धा बहिऱ्या होत्या. सदतीस सालच्या डिसेंबरात मालक-कामगारांची सभा भरली, तेव्हा सगळे सवयीनं ओरडूनच बोलत होते.

साचेवाल्यांतर्फे मी होतो, सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायांतर्फे कस्तुराबाई. पगारातली जुनी कपात परत मिळवायची होती. "जानेवारीपासून मिळवते, न्हाईतर पुढारीपण सोडते," असं ती खात्यात बोलून बसली होती.

मॅनेजर वेणीमाधवराव दिवाळीनंतर मुंबईहून आलेले. इतके काटकसरी, की टीपकागद उन्हात वाळवून पुन्हा वापरायचे. तरी दुपारपर्यंत ते चक्क वळले. हेडक्लार्क ईश्वरप्पांनी वृत्तांतात लिहिलं: कलम एक, रुपयामागे दोन आण्यांची कपात रद्द. कलम दोन, साचे आणि वाइंडिंग, दोन्ही खात्यांना एक जानेवारीपासून लागू. त्या महिन्याचा पगार फेब्रुवारीत.

"कलम तीन," साहेब म्हणाले, "महिन्यात दोनापेक्षा जास्त खाडे झाले, तर त्या महिन्याची वाढ नाही. हेही एक जानेवारीपासून. गिरणीच्या सर्व नोकरांना."

"सायेब, जानेवारीत गड्डा हाय की," कस्तुराबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"सिद्धेश्वराची जत्रा. चार दिस हितं कुत्रं फिरकत न्हाय. मंजी तुमी वाढ दिली बी, आन् कुणाला घावली बी न्हाय."

"अहो, जत्रेला संध्याकाळी जा. चार दिवस कशाला लागतात?"

"ईश्वरप्पांस्नी इचारा."

ईश्वरप्पांचा टाक कधीच थांबला होता. "साहेब, मी नंदीध्वज धरतो. काठी उंच असते." (उंच कसली, तिच्या टोकाला घासून चंद्राची एक बाजू झिजलीय, मी स्वतः पाहिलंय.)

"आणि टाइमकीपर?"

"तो त्याच काठीचा दोर धरतो."

"मग तेव्हा हजेरी कोण मांडतं?"

"मांडायला हजर कोण असतं, साहेब?"

साहेबांनी टेबलाभोवती पाहिलं. त्यांच्याच बाजूचा स्टोअरकीपर छताकडे बघू लागला. तो हलगी वाजवायचा.

"कलम तीन एक फेब्रुवारीपासून," साहेब शेवटी म्हणाले. "पण व्यवस्थापनाची हरकत लिहा. ही सवलत येत्या जत्रेपुरती. पुढे कोणी हक्क सांगू नये."

"आमची बी लिवा. गड्डा दरसाल भरतोय. पुढल्या डिसेंबरात परत बसायचं."

ईश्वरप्पांनी दोन्ही हरकती लिहिल्या, तिची जरा ठळक. मग सगळा वृत्तांत मराठीत, कानडीत आणि तेलुगूत वाचून दाखवला. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. कस्तुराबाईनं अंगठा उठवला.

"जमलं की, बाई," मी म्हटलं.

"जमलं कुटलं? पुढारीपण ऱ्हायलंच गळ्यात," असं म्हणून ती बायांना सांगायला निघाली, आणि चालता चालता शाईचा अंगठा माझ्या धुवट सदऱ्याला पुसून गेली.