दोन जागांचा रकाना

शाळेतून निवृत्त झाल्यावर कुमुदिनीबाई संजीवच्या चेन्नईतल्या, नुंगंबाक्कममधल्या ऑफिसात कारभार बघू लागल्या. सोळा माणसं, मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणारी. संजीवने पहिल्यांदाच सगळ्यांचा आरोग्य विमा काढायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, समजावायचं काम तुमचं. मी सांगितलं की सगळे झोपतात."

त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एकात पाच लाख, पण फक्त कर्मचारी, जोडीदार आणि मुलं. दुसऱ्यात तीनच लाख, पण आईवडीलही. संजीवने दुसरा घेतला. आईवडिलांचा अर्धा हप्ता पगारातून कापायचा होता.

बाईंनी टेबलावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. "हे तीन लाख. वर्षभर सगळ्या घराला मिळून हा एकच डबा. एकाने जास्त खाल्लं तर दुसऱ्याला कमी. खोलीचं भाडं दिवसाला तीन हजारांपर्यंत. महागडी खोली घेतलीत तर फक्त भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांच्या फीसारखा बाकी खर्चही त्याच प्रमाणात कापतात. आईवडिलांच्या बिलातला पाचवा हिस्सा आपला."

"आणि जुना आजार?" इराने विचारलं. इरा चेन्नईतच जन्मलेली, बाईंची लाडकी.

"पहिल्या दिवसापासून चालतो. स्वतःची पॉलिसी घेतली तर काही वर्षं थांबावं लागतं, इथे नाही."

शेवटचा मुद्दा अवघड होता. आईवडील किंवा सासूसासरे, दोन्हींपैकी एकच जोडी. एक इकडचा आणि एक तिकडचा, असं चालणार नव्हतं. एकदा नाव दिलं की वर्षभर बदल नाही. मधेच जोडता येतं ते फक्त नवं लग्न झालेला जोडीदार आणि नवं बाळ.

इराचे वडील गेलेले. आई सरोजा वेस्ट मांबलमला एकटी राहायची. इराने अर्जातल्या आईवडिलांच्या रकान्यात आधी आईचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी खोडून सासूसासऱ्यांची लिहून आणली.

"अद्वयच्या कंपनीच्या विम्यात ते आहेत ना?" बाईंनी विचारलं. अद्वय इराचा नवरा.

"आहेत. पण तो म्हणतो, दोन जागा मिळत असताना एक कशाला वाया घालवायची. आणि आई तर ठणठणीत आहे."

"तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं घरात कोण विचारतं, काकू." इरा हसली. बाईंनी कागद पुढे पाठवला.

पावसाळ्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इराच्या विम्यावर झालं. जानेवारीत सरोजाबाईंना जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची एक झडप खराब होती, बदलावी लागणार होती. इरा रिपोर्ट घेऊन थेट बाईंच्या टेबलापाशी आली.

बाईंनी विमा एजंटला फोन केला. उत्तर ठाऊकच होतं.

"मधे नाही होणार. पण एप्रिलमध्ये नूतनीकरण आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा सासूसासऱ्यांऐवजी आईचं नाव घालता येईल. आजार आधीचा असला तरी पहिल्या दिवसापासून धरतात, मी सांगितलं होतं ना? एकदा डॉक्टरांना विचार, तोवर थांबता येईल का."

"डॉक्टर म्हणतात फार लांबवू नका."

"अद्वय काय म्हणतो?"

"एप्रिल काही लांब नाही म्हणतो."

सरोजाबाईंनीच निकाल लावला. मुलीला सासरी मान खाली घालून पैसे मागावे लागू नयेत म्हणून त्या म्हणाल्या, "सरी, बरं, तुझ्या काकू म्हणतात तर थांबू की. इतकी वर्षं चाललंय हे यंत्र."

मार्चच्या मधल्या आठवड्यात, मांबलम स्टेशनजवळ भाजी घेताना त्या बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

एप्रिलमध्ये बैठक झाली. हप्ता वाढला होता, बाकी सगळं तेच. बाईंनी डबा आणला नव्हता. त्या कागदावरून वाचत होत्या. आईवडिलांचा रकाना आला तशी इराने हात वर केला.

"तो रिकामा ठेवता येतो ना?"

"येतो," बाई म्हणाल्या. "पण सासूबाईंचं..."

"त्यांच्या मुलाच्या ऑफिसात आहे."

संजीव मोबाइलमध्ये बघत राहिला. मागे तन्मय बसला होता, नुकताच पुण्याहून आलेला. त्याने काही घडलंच नसल्यासारखं विचारलं, कारण त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

"काकू, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आजार जुना आहे. नवीन पॉलिसी सुरू होईपर्यंत थांबलो तर चालेल ना?"

बाई हातातल्या कागदावर ओळ शोधू लागल्या. आयुष्यभर पोरांच्या प्रश्नांना त्यांनी कागद न बघता उत्तरं दिली होती.

"चालेल," इरा म्हणाली. ती रकान्यावर आडवी रेघ मारत होती, मान वर न करता. "पहिल्या दिवसापासून चालतं. मला काकूंनी अगदी नीट समजावलं होतं."