दादाच्या पिवळ्या रेघा

खडीच्या खाणीवर नवा लोडर ट्रेलरवरून उतरला, तेव्हा टायरमिस्त्री चहा पीत होता. चार तासांच्या रस्त्यावर धरणाचं काम चालू होतं, तिथून कंपनीने तो लोडर इकडे धाडला होता. मिस्त्रीने लांबूनच पुढच्या टायरवर पिवळा खडू पाहिला आणि अर्धा कप तसाच कट्ट्यावर ठेवून दिला.

जवळ जाऊन तो उकिडवा बसला. दगडाने कापलेल्या प्रत्येक जागी कापाच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ होती. शेजारी खोली किती मिलिमीटर ते लिहिलं होतं, त्याखाली तारीख. पुढच्या आठवड्यात काप रेघ ओलांडून गेला तर तो वाढतोय, हे आंधळ्यालाही कळावं. अशा रेघा मारणारा माणूस मिस्त्रीला एकच माहीत होता. त्याचा थोरला भाऊ. दादा.

अकरा वर्षांत दोघांचं बोलणं नव्हतं. एका साईटवर दोघे बरोबर असताना धाकट्याने घाईत एक टायर न बघताच ‘ठीक’ लिहिला होता. दुपारी तो भरल्या गाडीखाली फुटला. कुणाला लागलं नाही, पण दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या हाताखाली हा नको.” धाकट्याने त्याच संध्याकाळी बॅग भरली. राग वर्षभरात ओसरला, लाज मात्र तशीच राहिली. दादा धरणावर आहे, हेसुद्धा त्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं होतं.

“काय मिस्त्री, टायर बघताय की पत्र वाचताय?” लोडर चालवणारा मागून म्हणाला. त्याच्या देहामुळे त्याला सगळे पैलवान म्हणत.

“पत्रच म्हण,” मिस्त्री म्हणाला.

आणि ते खरंच होतं. एका कापाला सहा तारखा होत्या, सगळे सोमवार. सात, सात, आठ, आठ, आठ, आठ. म्हणजे काप थांबला होता. तारखांमधला इंग्रजी चारचा आकडा दादा अजून वरून उघडाच ठेवत होता. मिस्त्रीने त्या चारवरून अंगठा फिरवला. खडू बोटाला लागला, तसा त्याने हात झटकन मागे घेतला, जणू आणखी पुसलं तर काहीतरी जाईल.

“चल, सगळं रीतसर करू,” तो उठत म्हणाला. “बकेट जमिनीवर आहे ना? इंजिन बंद? किल्ली माझ्याकडे दे.”

“लग्नाआधी मुलीकडच्यांनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती.”

“केली असती तर लग्न झालं नसतं. चाकांना ओंडके लाव.”

टायर गार होते, म्हणून आधी हवा मोजली. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते. ती जास्त म्हणून सोडली, की टायर गार झाल्यावर कमी पडते. मग वॉल्व्हच्या टोप्या, चाकांचे नट, कुठे तेल गळून रबरावर आलंय का ते पाहिलं. नक्षीत अडकलेले खडे त्याने बोथट आकड्याने काढले. तीन टायर झाले. मागच्या डाव्याची बाहेरची बाजूही दादाने नीट नोंदलेली होती.

आतली बाजू मात्र वाळलेल्या चिखलाने लिंपलेली होती. मिस्त्रीने गोणपाट अंथरलं, आडवा झाला, ओल्या फडक्याने चिखल पुसू लागला. फडकं एका ठिकाणी अडकलं. त्याने बॅटरी धरली. साईडवॉलवर, टायरच्या त्या पातळ बाजूवर, चार बोटं लांब काप होता. आतल्या पोलादी तारा दिसत होत्या. आसपास एकही पिवळी रेघ नव्हती.

तो सावकाश बाहेर सरकला. “पैलवान, टायरच्या बाजूसमोरून दूर हो. नक्षीकडे ये, माझ्या मागे.”

“एवढं आहे?”

“तारा उघड्या आहेत. ही मशीन आज हलणार नाही. हवा पूर्ण सोडल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही.”

नक्षीच्या बाजूला उभं राहून, हात लांब करून त्याने वॉल्व्हची पिन काढली. हवा सूं करत बराच वेळ जात राहिली. ती संपल्यावर पैलवानाने वाकून पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

“ट्रेलरवर बांधलेल्या साखळीने कापला असणार. लिहून टाका तसं. कुणाच्या बापाचं काय जातंय?”

मिस्त्रीने कापावर पुन्हा बॅटरी धरली. तारा गंजून तांबूस झाल्या होत्या. एका दिवसात असा गंज चढत नाही. काप कित्येक आठवड्यांचा होता; पाणी आत जाऊन मुरलं होतं. दादासमोर तो होता आणि दादाने तो पाहिला नव्हता. खरं लिहिलं तर अहवाल वर जाणार. या वयात दादाला कामावरून काढतील. साखळी लिहिली, तर दादाचं नाव शाबूत. पण धरणावरच्या बाकीच्या मशिनींच्या आतल्या बाजूला कोण वाकत होतं?

त्याने धरणावर काम करून आलेल्या पंपवाल्याकडून दादाचा नंबर मिळवला आणि शेडच्या मागे गेला. तीनदा नंबर लावला, दोनदा स्वतःच कापला.

“कोण?”

“मी आहे.”

पलीकडे मशिनींचा आवाज होता. मग दार लोटल्यासारखा आवाज आला आणि शांत झालं.

“बोल,” दादा म्हणाला.

“तुझा लोडर आलाय इकडे.”

“हं.”

“मागचा डावा. आतून. चार बोटं. तार दिसतेय, गंजलेली.”

मिस्त्रीने फोन कानापासून काढून पाहिला; चालू होता.

“गुडघे गेलेत रे,” दादा शेवटी म्हणाला. “बसलो की उठवत नाही. बाहेरून बघतो, आतलं हाताने चाचपतो. सांगणार कुणाला? इतकी वर्षं लोकांना ओरडलो.”

“इकडचा एक जण म्हणतोय, साखळीने कापला म्हणून लिहू.”

“आणि तू?”

मिस्त्रीने खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

“दिसलं ते लिही,” दादा म्हणाला. “तुला मी तेव्हा जे बोललो, ते चुकीचं नव्हतं. सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं.”

“दादा, बाकीच्या मशिनींचं आतून मी बघतो. येऊ का?”

“कंपनीला विचार.” आणि मग, फोन ठेवायच्या आत, घाईघाईने: “मशिनी सहा आहेत. एका दिवसात होणार नाहीत.”

फोन बंद झाला. मिस्त्रीने अहवालात काप, लांबी, गंज, सगळं लिहिलं. खाली वेगळी ओळ लिहिली, की धरणावरच्या सगळ्या मशिनींचे टायर आतून तपासावेत आणि त्या कामाला वाकू शकणारा आणखी एक माणूस द्यावा. कागद इंजिनीयर मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी दोनदा वाचला. “हा माणूस तुमचा कोणी लागतो?”

“थोरला भाऊ.”

“त्याचं पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील. माझ्या हातात नाही. पण तपासायला तुम्ही जा. राहायची सोय तिकडे आहे का?”

“सहा मशिनी आहेत, मॅडम,” तो म्हणाला. “विचारतो त्याला.”

बाहेर येऊन तो फोन हातात धरून उभा राहिला. तुझ्याकडे राहू का, विचारायचं होतं ते एवढंसंच होतं, आणि पहिला शब्द काही केल्या सापडत नव्हता.