ब्युरेटचे दोन फोटो

बापाच्या टाकीतल्या ॲसिडची तपासणी मुलीनं करायची, पण मुलीच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असा तोडगा प्रयोगशाळेचे प्रमुख दुबेसाहेब यांनी काढला आणि स्वतःवरच खूश झाले. डोळा मुलीचा नको, डोळा कॅमेऱ्याचा. ब्युरेटचा, म्हणजे मापाच्या रेषा आखलेल्या उभ्या काचनळीचा, एक फोटो आधी, एक नंतर, आणि हिशोब फोटोवरूनच.

युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यांत पाळ्या वाढल्या होत्या, ब्लॅकआउटसाठी घरांच्या काचांवर निळे कागद लागले होते आणि माणसांना चहूकडे चोर दिसायला लागले होते. अशात कुणीतरी बिननावाची तक्रार टाकली: ॲसिड स्टोअरचा अंबादास खांडवे सल्फ्युरिक ॲसिड बाहेर विकतो आणि टाकीत तेवढं पाणी ओततो. तीव्र ॲसिडात वरून पाणी ओतणाऱ्याच्या तोंडावर ते उसळून येतं आणि चेहरा जाळतं, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. अंबादासनं ते सांगितलंही. पण त्याचा चेहरा धड आहे, हा काही कुणी पुरावा धरेना.

प्रयोगशाळेत केमिस्ट दोन. एकजण टायफॉइडनं इस्पितळात. दुसरी शरयू, अंबादासचीच मुलगी, बी.एससी. झालेली. तिसरे स्वतः दुबेसाहेब, पण त्यांनी ब्युरेटला हात लावणं केव्हाच सोडलं होतं. आता त्यांचा हात सहीला तेवढा चाले.

फोटो विभागातला शालिग्राम कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन आला. एरवी तो ओळखपत्रांचे फोटो काढी, नाहीतर मोडक्या गिअरचे. त्यानं टेबलासमोर तिकाटणं उभं केलं, ब्युरेटवरच्या बाराच्या रेषेसमोर भिंग धरलं, म्हणजे वरचं शून्य आणि खालची पंचविसाची रेषा दोन्ही एका चौकटीत येतील. दुबेसाहेबांनी खिशातून खडू काढून तिकाटण्याच्या तिन्ही पायांभोवती गोल आखले.

"अब ये हिलना नहीं चाहिए," ते म्हणाले. "दोनों फोटो एक ही जगह से. कल कोई ये न कहे कि बीच में कुछ इधर-उधर किया."

शालिग्रामनं मान डोलावली. शरयूनंही डोलावली. तिला उलट बरं वाटलं. इतका चोख बंदोबस्त असल्यावर बाबांवर कोण बोट ठेवणार?

टाकीतल्या नमुन्याचं सहा ग्रॅम ॲसिड तोलून, थंड पाण्यात हळूहळू सोडून, निवल्यावर अडीचशे मिलिलिटरपर्यंत भरलेलं होतं. त्यातलं पंचवीस मिलिलिटर तिनं पिपेटनं फ्लास्कमध्ये घेतलं. म्हणजे फ्लास्कमध्ये टाकीतलं ॲसिड बरोबर सहाशे मिलिग्रॅम. ॲसिड संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. ब्युरेटमध्ये अर्धा नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोडा भरला, तोटीतला हवेचा बुडबुडा काढला. मग टाचा उंच करून, डोळा द्रवाच्या अगदी समोर आणून, खोलगट पृष्ठभागाचं बूड शून्याच्या रेषेवर टेकवलं. हे तिला दुबेसाहेबांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. "घुटने मोड़ो, एड़ी उठाओ, जो करना है करो, मगर आँख पानी के सामने लाओ. ऊपर-नीचे से देखोगी तो रीडिंग झूठी."

शालिग्रामनं पहिला फोटो घेतला. शरयूनं तोटी सोडली, दुसऱ्या हातानं फ्लास्क फिरवत राहिली. शेवटी थेंब थेंब. एका थेंबानं पाण्याला फिका गुलाबी रंग आला आणि टिकला. ती गुडघ्यात वाकली. चोवीस, केसभरही इकडे-तिकडे नाही. दुसरा फोटो झाला.

हिशोब तिनं तोंडीच केला. या सोड्याचा एक मिलिलिटर साडेचोवीस मिलिग्रॅम सल्फ्युरिक संपवतो. चोवीस मिलिलिटरनं संपवलं पाचशे अठ्ठ्याऐंशी. सहाशेत पाचशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के. मर्यादा साडेसत्त्याण्णवची. बाबा सुटले होते.

संध्याकाळी दीक्षितपुऱ्यातल्या घरी पाय टाकल्या टाकल्या तिनं सांगून टाकलं, "बाबा, अठ्ठ्याण्णव! मी डोळ्यांनी पाहिलं."

त्या दिवशी अंबादास पोटभर जेवला, आणि कितीतरी दिवसांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरला. आई माहेरी परत गेली तेव्हापासून, म्हणजे वर्षभरात, घरात असं कुरकुरणंही कुणी केलं नव्हतं. शरयूला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ओलसर फोटो दुबेसाहेबांच्या टेबलावर आले. साहेबांनी भिंग तिच्या हातात दिलं. "पढ़ो."

तिनं पहिला फोटो वाचला, मग भिंग पुसून पुन्हा वाचला. द्रवाचं बूड शून्यावर नव्हतं, थोडं खाली होतं. शून्य पूर्णांक बारा. दुसऱ्यात ते चोवीसच्या थोडं वर होतं. तेवीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.

"साहब, मैंने ज़ीरो पर सेट किया था."

"फोटो में दिख रहा है क्या किया था. घटाओ."

तिनं वजाबाकी केली. तेवीस पूर्णांक शहात्तर. गुणिले साडेचोवीस, पाचशे ब्याऐंशी. सहाशेत पाचशे ब्याऐंशी म्हणजे सत्त्याण्णव टक्के. मर्यादेच्या अर्धा टक्का खाली. एवढ्या कमतरतेला मोठ्या टाकीत बादल्या बादल्या पाणी लागलं असतं.

"मेरी आँख ने चोवीस देखा था," ती म्हणाली. घाईत आकडा मराठीतच निघाला.

"आँख तो बेटी की है न," साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. मऊ आवाजात बोललेलं खोटं पाडता येत नाही, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

आकडे तिचेच होते, गुणाकार चुकलेला नव्हता. तिनं सही केली. दुपारी अंबादास खांडव्याला कामावरून बाजूला केल्याचा हुकूम निघाला, चौकशी पुढे व्हायची होती.

ती घरी आली तेव्हा तो पाटावर बसून होता, दिवा न लावता.

"शरू, खरं सांग. काल अठ्ठ्याण्णव काहून म्हणालीस?"

"कारण अठ्ठ्याण्णवच होतं."

"फोटोत नाही म्हणून राहिले सगळे."

"फोटोत काय झालं ते मला समजून नाही राहिलं, बाबा. पण मी शून्यावर लावलं होतं. गुलाबी आलं तेव्हा चोवीस होतं."

अंबादासनं मान हलवली. "फोटोला काय पडलं माझं? तो काहून खोटं दाखवेल? तू लेक आहेस. लेकीला वाटणारच." मग त्याचा आवाज चढला. "पण माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, समजलं? हे शिकवलं का मी तुला?"

शरयूला राग आला. बाबांना चोर म्हणाले ते परके लोक होते. तिला खोटारडी म्हणाला तो मात्र घरचा.

"मी पाणी नाही ओतलं," अंबादास पुढे म्हणाला, जरा शांत होऊन. "पण कमी भरलं तर भरलं. कुणीतरी केलं माझ्या नाकासमोर, अन् मला पत्ता नाही. तिकडे पोरं मरून राहिली अन् मी इथे किल्ल्या घेऊन झोपा काढल्या. उद्या लिहून देतो. हलगर्जी माझी."

"बाबा, असं लिहू नका. दोन दिवस थांबा."

"थांबून काय, तू अजून एक आकडा आणशील?"

सकाळी तो तिच्याआधी निघून गेला.

शरयूनं प्रयोगशाळेत दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. त्या ब्युरेटच्या मुख्य रेषा नळीला पूर्ण वेढा घालणाऱ्या होत्या, चांगल्या प्रतीच्या ब्युरेटवर असतात तशा. बाराच्या आसपासची रेषा फोटोत सरळ होती, एकच. पण शून्याची रेषा उघडली होती. पुढची बाजू वर, मागची खाली, हातात तिरकी झालेली बांगडी दिसावी तशी. आणि चोवीसची उघडली होती उलट्या बाजूनं.

तिनं फोटो खाली ठेवले. कॅमेरा बाराच्या समोर होता. तिथून तो शून्याकडे खालून वर पाहत होता, म्हणून द्रव खऱ्यापेक्षा खालच्या रेषेवर दिसला. चोवीसकडे तो वरून खाली पाहत होता, म्हणून द्रव वरच्या रेषेवर दिसला. शून्याला बारा शतांश वाढले, चोवीसला बारा शतांश घटले. दोन्ही चुकांनी मिळून बाबांच्या टाकीतून पुरता एक टक्का चोरून नेला होता. आणि तिकाटणं हलू नये म्हणून खडूचे गोल!

तिनं शालिग्रामला बोलावलं, साहेबांना बोलावलं. सीलबंद ठेवलेल्या त्याच द्रावणातून पुन्हा पंचवीस मिलिलिटर घेतलं. ब्युरेट शून्यावर लावली आणि म्हणाली, "साहब, घुटने मोड़िए. कैमरे की ऊँचाई से देखिए."

साहेब वाकले. द्रव शून्याच्या खाली दिसला.

"अब एड़ी उठाइए."

साहेबांनी टाचाही उचलल्या. त्यांना सगळं कळलं होतं. शालिग्रामनं तिकाटणं उंच करून, भिंग द्रवाच्या अगदी समोर आणून पहिला फोटो घेतला, आणि फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकल्यावर तिकाटणं खाली उतरवून, पुन्हा समोर आणून, दुसरा. घाईनं धुतलेल्या फोटोंत रेषा सरळ होत्या. एकात शून्य, एकात चोवीस.

"तो अठ्ठ्याण्णव," शरयू म्हणाली.

"हूँ." दुबेसाहेबांनी खुर्ची ओढली. "मगर तुम्हारे पिताजी तो सुबह लिखकर दे गए. अपने हाथ से. लापरवाही कबूल की है. मैनेजर साहब ने दस्तखत भी कर दिए." थोडं थांबून ते म्हणाले, "कल बता देतीं तो बात और थी."

काल तिनं सांगितलंच होतं. फक्त तेव्हा तिच्याजवळ फोटो नव्हता.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी परिपत्रक काढलं: यापुढे ब्युरेटचा प्रत्येक फोटो कॅमेरा द्रवाच्या पातळीत आणूनच घ्यावा. खाली सही त्यांची. अंबादास खांडव्याचं नाव त्यात नव्हतं, शरयूचंही नव्हतं. कबुली कबुलीच्या जागी राहिली. अंबादासची किल्ली गेली, पद उतरलं आणि बदली आवारातल्या भंगार यार्डात झाली. चोरी सिद्ध झाली नाही, एवढ्यावर त्यानं आभार मानावेत असं मॅनेजर म्हणाल्याचं कळलं.

नवे फोटो शरयूनं घरी आणले. समोर ठेवले, भिंग दिलं, तिरक्या बांगडीसारखी रेषा दाखवली, मग सरळ रेषा दाखवली. अंबादासनं एकेक फोटो दिव्याजवळ नेऊन पाहिला.

"चोवीसच आहे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे टाकीत काही कमी नव्हतं. मी उगाच लिहून दिलं." त्याचे डोळे भरून आले. तो तिचा हात धरायला पुढे झाला. "शरू, तू खरं बोलत होतीस पोरी. आता पटलं मला."

तिनं हात मागे घेतला. तिला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही आवरेनात.

"आता पटलं, बाबा," ती म्हणाली, "फोटो पाहून."