एकवीस तारखेचा अर्ज

टेलरबाईंनी अर्ज सहा तारखेलाच लिहून ठेवला होता. द्यायचा मात्र एकवीसला, हेही त्यांनी त्याच दिवशी पक्कं केलं.

सोसायटीचा खजिनदार म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर, वरच्याच मजल्यावर राहणारा. लोक त्याला पाठीमागे नियमराव म्हणत. वर्षापूर्वी बाईंचा नवरा आयसीयूत होता आणि मेंटेनन्स भरायचा राहून गेला. "भाऊजी, आठ दिवस थांबा, पण यादीत नाव टाकू नका," बाईंनी फोनवर अक्षरशः पदर पसरला. "वहिनी, नियम म्हणजे नियम. घरच्यांना सूट दिली तर लोक मला जोड्याने मारतील," तो म्हणाला. आणि जिन्याखालच्या काचेमागे, थकबाकीदारांच्या यादीत, सख्ख्या भावाचं नाव लागलं. वर व्याज! नवरा गेला, पण बाईंच्या डोक्यातून ती यादी काही गेली नाही. ह्याचं नाव एकदा तिथे बघायचंच, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

आता मुदतीची धास्ती मायलेकींनी इतकी घेतलेली की ह्या वेळी दोघींनीही पैसे भरले. बाईंनी एक तारखेला सकाळी बँकेतून सहा हजार चारशे पाठवले. आई विसरेल म्हणून लेकीनेही ऑफिसातून संध्याकाळी तेवढेच पाठवले. पावती आली एकच. लेक फ्लॅटचा नंबर लिहायला विसरली होती.

दुसरे पैसे गेले कुठे, ते सहा तारखेला जावेनेच सांगितलं. ती पडदे आखूड करून घ्यायला आली होती. "आमच्या पोराला ह्यांनी मेंटेनन्स भरायला सांगितलं होतं. पोरगं म्हणतं मी भरलेच नाहीत, आणि ह्यांनी पावतीसुद्धा फाडली! हे म्हणतात, बँकेत आलेत म्हणजे तूच भरलेस, विसरभोळ्या!"

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. पोराचं आणि त्यांच्या लेकीचं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षरही एक. बँकेच्या कागदावर तेवढंच येतं. नियमरावाने पुतणीचे पैसे स्वतःच्या फ्लॅटला जमा धरले होते. म्हणजे त्याचा मेंटेनन्स भरलेलाच नव्हता, आणि मुदत होती वीस तारखेपर्यंत.

"आई, आजच दे ना अर्ज," लेक म्हणाली. "काका चुकलाय गं, चोर नाहीये."

"चोर असता तर एक वेळ सोडलं असतं," बाई म्हणाल्या. पुढचे चौदा दिवस जिन्यात दीर भेटला की त्या न चुकता हसून विचारत, "काय भाऊजी, बरं आहे ना?"

एकवीसला सकाळी त्या सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. नवी यादी टेबलावर तयारच होती. सेक्रेटरी, म्हातारे निवृत्त ड्रायव्हर, चष्मा पुसत बसले होते. बाईंनी अर्ज दोन प्रतींत काढला आणि एकीवर पोच मागितली. दीर वाचू लागला.

"मा. खजिनदार यांस. या तिमाहीचा मेंटेनन्स आमच्याकडून एक तारखेला दोनदा जमा झाला आहे. एक रक्कम माझ्या खात्यातून, दुसरी मुलीच्या खात्यातून. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक व बँकेचे उतारे सोबत जोडले आहेत. पावती एकाच रकमेची मिळाली. दुसरी रक्कम शोधून आमच्या पुढील बिलात वळती करावी, ही विनंती."

त्याने बँकेचा कागद काढला, क्रमांकावर बोट ठेवलं, पावतीपुस्तक उलटं चाळलं. स्वतःचीच पावती समोर आली तसा कानापर्यंत लाल झाला.

"वहिनी... हे आतल्या आत फिरवू. मी आत्ता भरतो. यादी कशाला?"

"मुदत काल संपली ना हो?"

"तुम्हाला आधीच माहीत होतं!"

"होतं. सहा तारखेपासून." बाईंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. "लिहा. व्याज महिन्याचे एकशे बारा. माझ्याकडून तेवढंच घेतलंत."

सेक्रेटरींनी शिक्का उचलला. "लिही बाबा. नियम तुझाच आहे."

त्याने स्वतःची पावती रद्द केली, रक्कम बाईंच्या नावावर घेतली आणि यादीत खाली स्वतःचं नाव घातलं. अक्षर वाकडं आलं. यादी काचेमागे लावून तो परत आला.

"झालं मनासारखं?"

"नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुमच्या दादांना घरी आणलं ना, तेव्हा खुर्चीत बसवून जिन्याने नेत होते. यादीपाशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली, स्वतःचं नाव वाचलं. जाईपर्यंतचे चार दिवस एकच धोशा. 'धाकट्याला फोन का केला नाहीस गं? त्याने माझं नाव लागू दिलं नसतं.' आणि मी म्हणत राहिले, चुकलं माझं, राहून गेला फोन करायचा."

बाईंनी शिक्का मारलेली प्रत घडी घालून पिशवीत ठेवली.

"पुढच्या बिलात तेवढे वळते करा," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.