दहाव्या शब्दाचं वाक्य

टेलर मास्तरांच्या दुकानात शर्ट शिवून मिळत, शाळेचे गणवेश शिवून मिळत, पँटी आखूड करून मिळत, आणि गेल्या काही महिन्यांपासून एका परक्या भाषेचे शब्दही तयार होऊन बाहेर पडत. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. मास्तर मशीनवर मोबाइल टेकवून काहीतरी पुटपुटतात, एवढंच त्यांना दिसे, आणि माणूस एकटा बसून बसून जरा सटकला असावा, असं त्यांना वाटे.

हे शब्द मास्तरांच्या बायकोसाठी होते. ती हॉस्पिटलात नर्स. सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून मास्तरही थट्टेने तेच म्हणायचे. परदेशातल्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती, पण तिथली भाषा बोलता आली तरच तिला नेणार होते. तोंडी परीक्षेत एकदा ती नापास झाली होती. या वेळी पास झाली की दोन वर्षांसाठी जाणार. नवरा आणि पहिलीतली मुलगी मात्र इथेच राहणार. घरातल्या सगळ्यांसमोर मास्तरांनीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "जाऊ दे तिला, मी आहे ना." तेव्हापासून त्यांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी होती. तिने परत नापास व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तिला पास करण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं.

भाषेचा ऑनलाइन क्लास नेमका तिच्या ड्यूटीत यायचा. ती नर्सिंग रूममध्ये उभ्या उभ्या कानात इअरफोन घालायची, बाईंनी पडद्यावर धडा लावला की स्क्रीनशॉट काढायची, आणि तो मास्तरांना पाठवून वॉर्डात पळायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत शब्द, अर्थ आणि एकेक वाक्य असा तक्ता तिला तयार मिळायचा.

सुरुवातीला मास्तर फोटो सरळ फोनमधल्या, फोटोतले शब्द काढून अर्थ सांगणाऱ्या हुशार ॲपला द्यायचे आणि येईल तसं उतरवून पुढे पाठवायचे. एकदा ॲपने एका शब्दाचा अर्थ 'सुटका' असा दिला. धड्याच्या चित्रात तर एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन हॉस्पिटलातून घरी निघाले होते. मास्तर मनात म्हणाले, अरे शहाण्या, हा काय तुरुंग आहे? डिस्चार्ज म्हण. तेव्हापासून अर्थ धड्यातला प्रसंग बघून लावायचा, असा त्यांनी नियम केला. तिला आधीच येणारा शब्द परत घ्यायचा नाही, हा दुसरा नियम. वाक्यांचा नियम सगळ्यात कडक होता. वाक्यात नवा शब्द एकच, बाकीचे सगळे तिला येणारे. शिकायला काढलेल्या वाक्यात आणखी चार अनोळखी शब्द घुसले, तर ते वाक्य काय कामाचं? एवढं करायचं, तर तिला काय येतं आणि काय नाही, हे कुणालातरी पाठ हवं. ते मास्तरांना होतं. परक्या भाषेतली आपल्या बायकोची सगळी पुंजी त्या माणसाला तोंडपाठ होती, आणि ती शब्दाशब्दाने तोच वाढवत होता.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेवटच्या धड्याचा स्क्रीनशॉट आला. विषय होता 'रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणे'. घाईत काढलेला फोटो. खाली क्लासातल्या बायकांच्या चेहऱ्यांची पट्टी आली होती, आणि त्या पट्टीने धड्याचा तळ झाकला होता. दर धड्यात दहा शब्द असत, त्यांतले सातच दिसत होते. ॲपने मात्र दहाच्या दहा शब्द काढून दिले, अर्थांसकट, वाक्यांसकट, कुठेही न अडखळता. शेवटचे तीन त्याने स्वतःच्या मनाने घातले होते.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला. हे तीन शब्द असेच जाऊ दिले तर? ती तेच पाठ करेल. परीक्षेत शेवटच्या धड्यावर हमखास विचारतात, हे ती दहा वेळा बोलली होती. खरे शब्द विचारले की गप्प बसेल. दोष कुणाचा? फोनचा. मास्तरांकडे कुणी बोटही दाखवणार नव्हतं. त्यांनी अक्षरशः देवाचे आभार मानले, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या गणवेशाची बाही त्यांनी उलटी जोडली.

बाही उसवता उसवता त्यांनी सिस्टरच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन लावला.

"ताई, आजच्या धड्याचा पूर्ण फोटो आहे का तुमच्याकडे? हिच्या फोटोत तुमचीच तोंडं आलीयेत सगळी."

"पाठवते की," ती हसून म्हणाली. "नशीबवान आहे हो तुमची बायको. आमचे साहेब विचारतसुद्धा नाहीत, क्लास आहे की संपला."

पूर्ण फोटो आला. आठवा शब्द 'धीर देणे', नववा 'भेटीची वेळ', दहावा 'सवय होणे'. पहिल्या दोन शब्दांची वाक्यं चटकन झाली. दहाव्याचं काही होईना. तिला येणारे शब्द मास्तरांनी मनात पुन्हा पुन्हा फिरवले. माझी, मुलगी, घर, हळूहळू, रडणे, बरे होणे. या एवढ्याशा कापडातून दुसरं काही बेततच नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझ्या मुलीला हळूहळू सवय होईल.' ते वाचलं आणि त्यांना रडू आलं. गिऱ्हाईक येईल म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि तक्ता पाठवून दिला.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी एकही कपडा धड शिवला नाही. दुपारी सिस्टर सरळ दुकानातच आली. पर्स मशीनवर ठेवून स्टुलावर बसली.

"झाले पास," ती म्हणाली. "निकाल तिथेच सांगितला."

"वा," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी ती दोन वर्षं समोर उभी राहिली. "काय विचारलं?"

"शेवटचाच धडा. परीक्षक बाई दहावा शब्द देऊन म्हणाल्या, वाक्य करा. मी तुमचं वाक्य म्हटलं, अजिबात न अडखळता."

"मग?"

"मग त्या बाई हसल्या. त्यांनी विचारलं, आणि तुम्हाला? तुम्हाला सवय होईल?"

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, खरं तर ते फिरतही नव्हतं.

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"खरं सांगितलंस?"

सिस्टरने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"अहो, 'नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं," ती म्हणाली. "तेवढं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते."

मास्तरांकडे तर मातृभाषा होती, अख्खीच्या अख्खी. तरी ते म्हणाले, "बरं केलंस," आणि तिच्यासाठी चहा सांगायला उठले.