अण्णांच्या नावचा तळतळाट

विश्वजीतनं चौथा कागद चुरगाळून टेबलाखाली टाकला आणि पाचव्यावर पुन्हा तेच लिहिलं: तीर्थरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार. पुढची ओळ हाताला पाठ होती. इकडील सर्व क्षेम. कसलं डोंबलाचं क्षेम! अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते आणि याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पत्र लिहायचं कंपनीतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. वडील समोर बसलेत असं समजून लिहा. राग, माफी, राहून गेलेलं बोलणं, सगळं. हातानं लिहा, खाडाखोड होऊ द्या. पाठवायचं नाही, तेव्हा चांगलं दिसायचीही गरज नाही. बाईंना वाटत होतं, हा बापाच्या आठवणीनं झुरतोय. खरं काय ते बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्यानं मायना खोडला. 'अण्णा, पाचोडच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या लई होत्या.' हेही खोडलं. ट्रॉल्यांचा काय संबंध? 'सायकलवाला मध्येच आला.' साफ खोटं. सोमनाथ सायकलवर आपला कडेकडेनं चालला होता. एवढं लिहूनही प्रत्येक वाक्यात हा स्वतःचीच वकिली करत होता! मग दात आवळून त्यानं सरळ लिहिलं.

'गाडी मी चालवत होतो. हातात मोबाईल होता. सोमनाथ पडला तो उठलाच नाही. तुम्ही म्हणालात, इकडं सरक, आणि लोक यायच्या आत माझ्या जागी बसलात. माझ्या नोकरीचं पत्र दोन दिवसांपूर्वी आलेलं. तुम्ही मला विचारलं नाही. मीही नको म्हणालो नाही. सहा वर्षं तुम्ही एकटे कोर्टात तारखेला गेलात. परत आलात की मी फोनवर विचारायचो, जेवलात का. तेवढंच. अण्णा, तुमचा रागही येतो. माझं पाप तुम्ही उचललंत आणि मला जन्माचा भित्रा करून ठेवलंत.'

इथं पेन थांबलं. मंगळवारचं लिहायचं राहिलं होतं.

मंगळवारी तो मृत्यूचा दाखला घेऊन कोर्टात गेला होता. आरोपी मयत झाला की खटला तिथंच संपतो, वकील म्हणाले, आता तुम्हाला काही त्रास नाही. बाहेर व्हरांड्यात सोमनाथची बायको, सत्यभामा, उभी होती.

"दादा, बन्सीअण्णा गेले म्हणं."

"व्हय."

"माझ्यामुळं गेले." तिनं पदर तोंडाला लावला. "कोर्टात, बाजारात, चार माणसांत शिव्या घातल्या मी त्यांना. तुझं वाटोळं होईल म्हणलं. म्हातारा मान खाली घालून ऐकायचा, एका शब्दानं उलट बोलला नाय. माझाच तळतळाट लागला. आता माफी कुणाची मागू मी?"

"तसं काही नसतं, मावशी," एवढं बोलून विश्वजीतनं बस गाठली होती.

तेही त्यानं जसंच्या तसं लिहिलं. मग पत्र पहिल्यापासून वाचलं. अण्णांना यातलं काय सांगायचं होतं? त्यांना तर सगळं माहीत होतं. ज्या बाईला माहीत नव्हतं, ती फुकट जळत होती. त्यानं कागदाची घडी केली आणि खुंटीवरचा शर्ट काढला.

"कुठं निघालात?" सुलेखानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाचोडला. आल्यावर तुलाही सांगतो. सगळं."

सत्यभामा ओट्यावर ज्वारी पाखडत होती. त्याला बघून तिनं बसायला पोतं पुढं केलं. तो उभाच राहिला.

"मावशी, अण्णांना पत्र लिहिलंय. ते तुम्ही ऐकायला पाहिजे."

"गेलेल्या माणसाला पत्र?"

"व्हय."

तो वाचू लागला. पहिल्याच ओळीला सूप थांबलं. त्यानं वर बघितलं नाही. वाचता वाचता आवाज इतका खाली गेला की त्यालाच ऐकू येईना. 'जेवलात का' पाशी आला तेव्हा ती म्हणाली,

"थांब."

ती रडली नाही. सूप बाजूला ठेवून उठली, पदर कमरेला खोचला आणि समोरच्या दाराकडं बघून हाक मारली.

"रूपा, तुझ्या सासऱ्याला बोलाव. समद्या गल्लीला बोलाव."

मग त्याच्याकडं वळली.

"त्या म्हाताऱ्याला मी चार लोकांत बोलले. चार लोकांतच वाच. पहिल्यापासून. मोठ्यानं."

माणसं जमेपर्यंत तिनं त्याला हलू दिलं नाही.