अठ्ठावीस तासांचा दिवस

सुहासिनी मॅडमच्या भौतिकशास्त्र विभागात एके काळी पाच जण होते. दोघे निवृत्त झाले, एकाची बदली झाली, एक प्राचार्य झाले आणि मग त्यांना भौतिकशास्त्र आठवेना. रिकाम्या जागा भरण्याचा प्रस्ताव मंत्रालयात होता. तिथे तो सुखरूप असल्याचं दरवर्षी कळत असे. काम मात्र पाच जणांचंच राहिलं. पूर्वी पाच जणांत विखुरलेलं ते काम आता एकाच बाईभोवती गोळा झालं होतं आणि बाई त्या मानाने जोरात फिरत होत्या. कडेगावच्या बाजूला तालुक्याच्या गावी कॉलेज, राहायला सांगलीला विश्रामबाग, मधे एसटी. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे उशीर होणं ही गोष्ट त्यांच्या आयुष्यातून कधीच निघून गेली होती.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. रुमाना. हजेरी घेताना मॅडम नाव पुकारत नसत, फक्त वर बघत. ती नसली की वर्ग नसे. दुसऱ्या वर्षात कुणीच नव्हतं, म्हणजे पुढच्या वर्षी तिसरंही रिकामं राहणार होतं.

कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा ऐवज, कायम राहतो या नियमाचा तास तर दोघींनी मिळूनच घेतला. प्रयोगशाळेत एक फिरतं स्टूल होतं, कॉलेजच्या स्थापनेपासूनचं. रुमाना त्यावर दोन्ही हातांत लोखंडी वजनं घेऊन बसली, हात पसरून. मॅडमनी तिला फिरवलं.

"आता हात छातीशी."

रुमानाने हात आत घेतले आणि स्टूल गरकन फिरलं. ओढणी एकीकडे गेली, ती दुसरीकडे.

"आवं मॅडम, धरा, धरा."

"धरलं तर बाहेरून जोर लावल्यासारखं होईल. मग नियम लागू नाही. पसर हात."

हात पसरल्यावर ती सावकाश झाली. मग म्हणाली, "आता तुमी बसा." पंचावन्नाव्या वर्षी सुहासिनी मॅडम स्टुलावर बसल्या आणि एका बीएस्सीच्या मुलीने त्यांना फिरवलं. दाराशी शिपाई कोंडीबा उभा होता. त्याने बाकीच्या विभागांतही बरंच पाहिलेलं होतं.

नंतर फळ्यावर गणित झालं. तारा आकसतो, वस्तुमान तेवढंच, बाहेरून कुणी पिळत नाही. त्रिज्या जितक्या पटीने कमी, त्याच्या वर्गाच्या पटीने फेरीचा वेळ कमी. रुमानाने वहीत उतरवून घेतलं, अंकांसकट. मॅडम सगळे आकडे इंग्रजीत काढत, एक चार सोडून. चार त्यांच्या हातून मराठीच पडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर गिरवलेला ४ पीएचडीनेही पुसला नव्हता. तीन वर्षांत तो रुमानाच्या वहीतही गेला, तेवढाच घाईचा, वरची तोंडं जवळजवळ मिटलेला. त्यात चूक आहे असं दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही. सांगायला वर्गात तिसरं कुणी नव्हतं.

मे महिन्यात साताऱ्याला पेपर तपासणीचं केंद्र लागलं. हॉलमध्ये लांब बाकं, वर पंखे, आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेवरचं नाव-नंबर झाकून लावलेला कोड. सुहासिनी मॅडमकडे फेरतपासणीचं काम होतं. आधीच्या परीक्षकाने तपासलेल्या, काठावर राहिलेल्या उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर येत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आली. ऐंशीपैकी एकोणतीस. पास व्हायला बत्तीस. शेवटचा दहा गुणांचा प्रश्न कोराच होता, वेळ पुरला नव्हता असं दिसत होतं. पाचव्या प्रश्नाला पाचपैकी दोन.

प्रश्न असा होता: सूर्याएवढा तारा, त्रिज्या सात लाख किलोमीटर, स्वतःभोवती एक फेरी पंचवीस दिवसांत. तो आकसून दहा किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा झाला, तर एका फेरीला किती वेळ लागेल? सूर्याचं असं काही होणार नाही, तेवढं वस्तुमानच त्याच्यात नाही, हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. प्रश्नपत्रिकेला नव्हतं.

उत्तरात पहिली ओळ नियमाची, बरोबर. दुसरीत पंचवीस दिवसांचे सेकंद केले होते आणि तिथे लाल पेनाने गोल होता. बाजूला शेरा: "दिवसाचे 28 तास?"

मॅडमनी पुन्हा पाहिलं. पंचवीस गुणिले अठ्ठावीस गुणिले छत्तीसशे. उत्तर मात्र एकवीस लाख साठ हजार, जे चोवीस तासांचं येतं. खाली त्रिज्या सत्तर हजार पट कमी, त्याचा वर्ग ८.९ गुणिले दहाचा नववा घात. पुन्हा गोल. शेवटी नवा वेळ ०.८८ मिलिसेकंद. पुन्हा गोल, आणि रागाने असावा, थोडा मोठा.

तो इंग्रजी 8 नव्हता, तोंडं मिटलेला मराठी ४ होता.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. चोवीस, ४.९, ०.४४. सगळं बरोबर होतं, शेवटच्या अंकापर्यंत. आणि सबंध विद्यापीठात असा ४ काढणारी माणसं दोनच होती. एक ही उत्तरपत्रिका हातात धरून बसली होती.

उत्तराखाली एक जास्तीची ओळही होती. ती विचारलेली नव्हती. "या वेगाने फिरताना ताऱ्याच्या विषुववृत्तावरचा पदार्थ गुरुत्वाला धरून ठेवता येणार नाही, म्हणून खऱ्या आकसण्यात काही कोनीय संवेग बाहेर फेकलेल्या थरांबरोबर जात असला पाहिजे."

पंखा फिरत होता. मॅडमच्या समोर नियमांचा कागद होता: आपल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका ओळखू आल्यास ती तपासू नये, केंद्रप्रमुखांना सांगावं. त्या न सांगता पाच गुण देऊ शकत होत्या. ते खोटं ठरलं नसतं, फक्त चोरून झालं असतं.

तिसरंही काही करता येत होतं, आणि तेच सगळ्यात सोपं होतं. एकोणतीसखाली सही करायची. कुणी विचारणार नव्हतं. रुमाना नापास झाली असती, तर एमएस्सीला पुण्याला गेली नसती. वर्षभर गावातच राहून पेपर पुन्हा दिला असता. गुरुवारी शंका विचारायला आली असती. डबा आणला असता. चांदबींचा, तिच्या आईचा, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पुडीत.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं आणि उठून केंद्रप्रमुखांच्या टेबलाशी गेल्या.

केंद्रप्रमुख आकाराम सर मूळचे कडेगावकडचे. इंग्रजीत सूचना काढत आणि मराठीत त्या समजावून सांगत.

"सर, ही माझ्या विद्यार्थिनीची आहे. मला तपासता येणार नाही."

आकाराम सरांनी उत्तरपत्रिका उलटीपालटी केली. "आवं मॅडम, ह्याच्यावर कोड हाय. तुमाला कसं कळलं?"

"अक्षरावरून. म्हणजे अंकावरून."

"सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलंच होतं की."

आकाराम सरांनी आधीच्या परीक्षकाला बोलावलं. शिवतेज. तिशीचा, शिकला सगळा इंग्रजी शाळेत, तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत शिकवणारा. त्याचा स्वतःचा दिवस अठ्ठावीस तासांचा असायला हरकत नव्हती.

"मॅडम, स्पष्ट आठ आहे," तो म्हणाला. "बाकी सगळे आकडे इंग्रजी. मधेच एक मराठी कोण काढेल?"

मॅडमनी टेबलावरच्या रफ कागदावर २४ लिहिला, रोज लिहितात तसा. दोन इंग्रजी, चार त्यांचा. शिवतेजने कागद उत्तरपत्रिकेशेजारी धरला. आकाराम सरांनी चष्मा वर केला.

"अहो, हा तर तुमचाच," शिवतेज म्हणाला.

"होय. चूक माझी आहे. तिने उतरवून घेतली."

"पण मॅडम, मी आकडा जसा दिसला तसाच—"

"गुण किती द्यायचे ते मी सांगणार नाही. सांगायचा मला अधिकारच नाही. चार आहे असं मी म्हणाले, पण तेही माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. गुणाकार करून बघा. मी बाहेर बसते."

त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. तिथे एक बाक, पाण्याची टाकी आणि साखळीने टाकीला बांधलेला पेला होता. पेल्याला साखळीच्या लांबीएवढंच जग होतं. मॅडमना आपली साखळी आठवली, सांगली ते कडेगाव, पण उपमा त्यांच्या विषयात बसत नसल्याने त्यांनी ती सोडून दिली.

वीस मिनिटांनी शिवतेज बाहेर आला. हातात वही.

"मॅडम, गुणाकार जुळले. पण खालची ओळ नमुना उत्तरात नाहीये. गुरुत्व पुरणार नाही म्हणते. बरोबर आहे का?"

"मला विचारू नका. मी बाहेर आहे."

तो तिथेच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि गणित मांडू लागला. मॅडम टाकीकडे बघत राहिल्या, कारण वहीत बघणं म्हणजे मदत झाली असती. तो पुटपुटत होता. सूर्याचं वस्तुमान, दहा किलोमीटर, सेकंदाला सव्वादोन हजार फेऱ्या.

"गोल फिरत राहायला जेवढी ओढ लागते, तिच्या दोन तृतीयांशच गुरुत्व मिळतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "उडून जाईल की सगळं." थोड्या वेळाने पुन्हा पुटपुटला. "आणि मी वाचलं तसं आठ धरलं, तर गुरुत्व पुरून उरतं. मग ही ओळच खोटी पडते." त्याने वही मिटली. "म्हणजे तिने चारच लिहिला होता."

गप्प राहणं मॅडमना जड गेलं. शिकवणं थांबवायची सवय नव्हती.

तो आत गेला. गुण किती पडले ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आकाराम सरांनी मात्र निघताना चहा पाजला. "लय सरळ हाय तुमी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ती तक्रारही असू शकत होती.

निकाल जुलैत लागला. बत्तीस. ऑगस्टमध्ये रुमाना पुण्याला गेली, सप्टेंबरात तिचा फोन आला.

"मॅडम, हॉस्टेल बरं हाय. वर्गात अडतीस जण हाईत. हजेरीला नंबर पुकारतात."

"तुझा कितवा?"

"चौतीस. आणि मॅडम, इथल्या सरांनी पहिल्याच टेस्टला सांगितलं, चार नीट काढ. आता मी इंग्रजीच काढते."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मीच सांगायला हवं होतं."

"सवय जात नव्हती लवकर. आता गेली."

फोन ठेवून त्या वेळापत्रकाकडे वळल्या. तिसऱ्या वर्षाला गुरुवारी तास होता. वेळापत्रक अजून कुणी बदललं नव्हतं, म्हणून त्या प्रयोगशाळेत गेल्या. पंख्याचं बटण दाबलं. हजेरीसाठी वर बघितलं. मग स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांत वजनं घेतली, हात पसरले आणि छातीशी घेतले.

काही झालं नाही. व्हायचंही नव्हतं. मुळात न फिरणारा तारा कितीही आकसला तरी फिरत नाही. शून्य असलं तर शून्यच कायम राहतं. हे त्या तीस वर्षं शिकवत आल्या होत्या, पण करून कधी पाहिलं नव्हतं.

दाराशी कोंडीबा किल्ल्या घेऊन उभा होता.

"मॅडम, कुलूप लावू?"

"पाच मिनिटांनी. कोंडीबा, जरा इकडे या. या स्टुलाला एक धक्का द्या."

कोंडीबाने किल्ल्या खिशात टाकल्या. अडकलेलं दार ढकलावं तसा एक हात लावला, फार जोरात नाही.

"एवढा बास का?"

"बास," मॅडम म्हणाल्या, आणि हात पसरूनच ठेवले.